मुलाखत आणि परीक्षा एकाच दिवशी आली तर? तारीख बदलून मागण्याची रीत

मार्च महिना आला की शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींची एक अडचण दरवर्षी ठरलेली असते. एकीकडे विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा, आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीकडून इंटरव्ह्यूचा मेल. मग कुणी घाबरून परीक्षेला दांडी मारायचा विचार करतं, कुणी कंपनीला काहीच न कळवता जातच नाही, तर कुणी 'आजी वारली' असं ठोकून देतं. तिन्हींमध्ये नुकसान तुमचंच. खरी अडचण असेल तर मुलाखतीची तारीख बदलून मागता येते, आणि नीट मागितली तर समोरच्याचं तुमच्याबद्दलचं मत बिघडतही नाही. ती कशी मागायची ते आज एका उदाहरणावरून बघू.

उदाहरण असं घ्या. तुम्ही बारामतीच्या एखाद्या कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी.ला आहात, विषय केमिस्ट्री. कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये ट्रेनी घ्यायचे आहेत म्हणून तुम्ही अर्ज केला होता. शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला दुपारी मेल येतो: बुधवार, ५ मार्च, सकाळी साडेदहा, कंपनीच्या ऑफिसात मुलाखत. आणि तुमची प्रॅक्टिकल परीक्षा आहे बुधवारी, गुरुवारी आणि शनिवारी, सकाळी दहापासून.

आधी बघा, हलू शकतं ते काय?

मेल वाचल्या वाचल्या उत्तर लिहायला बसू नका. दोन गोष्टी एकाच वेळी आल्यात, तर त्यातली कोणती हलवता येते हे आधी तपासायचं. प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येतात आणि लॅबच्या जागेनुसार मुलांच्या बॅच पाडलेल्या असतात. तुमची बॅच बुधवारी असेल आणि त्याच प्रॅक्टिकलची दुसरी बॅच दुसऱ्या दिवशी असेल, तर विभागप्रमुख सरांना किंवा मॅडमना जाऊन विचारा: 'सर, बुधवारी इंटरव्ह्यू आलाय, मला दुसऱ्या बॅचमध्ये बसता येईल का?' कधी कधी एखादा मित्र अदलाबदलीला तयार असतो आणि काम कॉलेजातच मिटतं. कंपनीला त्रासच नाही. मात्र ही अदलाबदल सरांच्या परवानगीनेच करायची, आपापसात नाही, कारण हजेरीपत्रकावर बॅचप्रमाणे बैठक क्रमांक आधीच लिहिलेले असतात.

आपल्या उदाहरणात सर सांगतात की एकच बॅच आहे, बदल होणार नाही. परीक्षेला गैरहजर राहिलात तर तो विषय राहतो, निकाल अडकतो, आणि ट्रेनी म्हणून घेताना कंपनी जी पदवी मागते तीच हातात येत नाही. म्हणजे परीक्षा सोडून मुलाखतीला जाण्यात मुलाखतीचाही फायदा नाही.

अजून एक मोह होतो तोही इथेच निकालात काढू. 'प्रॅक्टिकल लवकर आटपून दुपारी तीनला पोहोचतो' असं मनात येतं. बारामतीहून कुरकुंभ एस.टी.ने तासाभराचा रस्ता, पुढे स्टॉपपासून गेटपर्यंत जाणं वेगळं. टायट्रेशनचं रीडिंग जुळलं नाही किंवा तोंडी परीक्षेत तुमचा नंबर शेवटी आला, तर सगळं गणित कोसळतं. धावतपळत, घामाघूम होऊन, अर्धा तास उशिरा पोहोचलेला उमेदवार तारीख बदलून मागणाऱ्यापेक्षा वाईट दिसतो. तेव्हा त्याच दिवशी दोन्ही करायचा हट्ट सोडा.

'खरी अडचण' कशाला म्हणायचं, हाही प्रश्न मुलं विचारतात. माझी कसोटी सोपी आहे. ती गोष्ट आधीच ठरलेली आहे का, आणि तिची वेळ तुमच्या हातात नाही ना? विद्यापीठाची परीक्षा, ऑपरेशनची तारीख, घरातला मृत्यू, कोर्टाची तारीख, आधीच होकार दिलेली दुसरी मुलाखत, सध्याच्या नोकरीत ज्या दिवशी सुट्टी मिळूच शकत नाही तो दिवस, या खऱ्या अडचणी. मामेभावाच्या हळदीचा कार्यक्रम ही नाही. तयारी झाली नाही, ही तर मुळीच नाही.

कंपनीच्या बाजूने काय घडतं

तारीख कशी मागायची हे कळायला मुलाखत ठरते कशी हे थोडं माहीत हवं. तुम्हाला मेल करणारी एच.आर.मधली व्यक्ती सहसा तुमची मुलाखत एकटी घेत नाही. लॅबचे मॅनेजर, सेक्शनचे एखादे सीनियर केमिस्ट आणि एच.आर., असे दोघं-तिघं बसतात. मॅनेजरना त्याच आठवड्यात ऑडिट असतं, सीनियर केमिस्ट शिफ्टमध्ये असतात. सगळ्यांचा मिळून एक सकाळचा वेळ काढलेला असतो आणि त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाला चार-पाच उमेदवार बसवलेले असतात.

आता तुमची साडेदहाची वेळ रिकामी झाली, तर एच.आर.ला एवढंच करायचं असतं की अकराच्या उमेदवाराला साडेदहाला बोलवायचं किंवा यादीतल्या पुढच्याला घ्यायचं. त्यासाठी त्यांना वेळ लागतो. तुम्ही शनिवारी कळवलंत तर ते आरामात होतं. बुधवारी सकाळी दहाला कळवलंत तर मॅनेजर येऊन बसलेले, समोर कुणी नाही, आणि उत्तर द्यायची वेळ त्या एच.आर.वर. राग येतो तो याचाच. तारीख बदलायला सांगितली म्हणून फारसं कुणी रागावत नाही. परीक्षा, आजारपण या गोष्टी त्यांच्याकडे रोज येतात.

म्हणून कळल्यापासून चोवीस तासांच्या आत कळवायचं, आणि मुलाखतीच्या आधी निदान दोन कामाचे दिवस मधे राहतील असं बघायचं. आपल्या उदाहरणात शुक्रवारी दुपारी मेल आला, शनिवारी सकाळी सरांना विचारलं, शनिवारी दुपारी बाराच्या आत मेल गेला पाहिजे. 'सोमवारी बघू' म्हणालात तर दोन दिवस फुकट गेले.

मेल कसा लिहायचा

ज्या मेलने बोलावणं आलं त्यालाच उत्तर द्या. नवा मेल उघडून लिहू नका. जुन्या मेलखाली उत्तर गेलं की पद कोणतं, वेळ कोणती, तुम्ही कोण, हे समोरच्याला शोधावं लागत नाही. आलेल्या मेलमध्ये आणखी कुणाचे पत्ते असतील तर `Reply` ऐवजी `Reply all` दाबा, म्हणजे मॅनेजरनाही कळेल. मेलसोबत कॅलेंडरचं निमंत्रण आलं असेल तर त्यावरचं `No` आधी दाबू नका. कारण न सांगता नुसता नकार तिकडे पोहोचतो आणि 'हा उमेदवार येत नाही' असा समज होतो. त्यात `Propose a new time` अशी सोय असते, पण नवशिक्याने तीही मेल लिहिल्यावरच वापरावी. आधी माणसाला सांगा, मग बटण दाबा.

मेलमध्ये काय यावं? पहिल्या ओळीत आभार आणि कोणती मुलाखत ते. दुसऱ्यात अडचण, एका वाक्यात. मग तुम्हाला ही मुलाखत द्यायची आहे हे स्पष्ट. मग तुमच्याकडच्या दोन-तीन वेळा, वार आणि तारखेसह. शेवटी फोन नंबर. बस. आपल्या उदाहरणातला मेल असा होईल:

विषय: क्वालिटी कंट्रोल ट्रेनी मुलाखत, बुधवार ५ मार्च: वेळ बदलण्याबाबत विनंती

आदरणीय मॅडम,

क्वालिटी कंट्रोल ट्रेनी या पदासाठी बुधवार, ५ मार्च रोजी सकाळी १०.३० वाजता मुलाखतीला बोलावल्याबद्दल आभारी आहे.

त्याच दिवशी सकाळी १० वाजता माझी टी.वाय.बी.एस्सी.ची विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. बॅच बदलून मिळेल का याची कॉलेजात चौकशी केली, परंतु ते शक्य नाही. त्यामुळे कृपया मुलाखतीची वेळ बदलून मिळावी ही विनंती.

या पदासाठी मुलाखत देण्याची माझी मनापासून इच्छा आहे. मी पुढील वेळी येऊ शकते:
शुक्रवार, ७ मार्च, सकाळी ११ नंतर दिवसभर;
सोमवार, १० मार्च, पूर्ण दिवस.
आपल्याला आधी हवे असल्यास मंगळवार, ४ मार्च रोजी दुपारी ४ ते ६ या वेळेत ऑनलाइन मुलाखतीसाठीही मी तयार आहे.

यापैकी कोणती वेळ सोयीची आहे ते कृपया कळवावे. आवश्यक असल्यास हॉल तिकिटाची प्रत पाठवते. आपल्या वेळापत्रकात बदल करावा लागत असल्याबद्दल दिलगीर आहे.

आपली विश्वासू,
(पूर्ण नाव)
(मोबाइल नंबर)

कंपनीने इंग्रजीत मेल पाठवला असेल तर उत्तर इंग्रजीतच द्या. क्रम हाच ठेवा, वाक्यं याहून लांब नकोत.

आता यातल्या काही गोष्टींकडे बारकाईने बघा. 'कॉलेजात चौकशी केली, परंतु ते शक्य नाही' हे अर्धं वाक्य फार कामाचं आहे. तुम्ही आधी स्वतः मार्ग शोधलात आणि मगच त्यांना त्रास दिलात, हे त्यातून न सांगता कळतं. दिलगिरी एकदाच आहे, तीही शेवटी. चार वेळा 'सॉरी' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटायला लागतं, याने खरंच काहीतरी चूक केली असावी.

आणि वेळा. 'आपल्या सोयीनुसार कधीही' असं लिहिणं मुलांना नम्रपणाचं वाटतं, पण एच.आर.च्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे. त्या एखादी वेळ ठरवतील, ती नेमकी शनिवारची निघेल, शनिवारी तुमचं तिसरं प्रॅक्टिकल, मग पुन्हा बदल मागा. दुसऱ्यांदा बदल मागितलात की पहिल्या वेळची सगळी सहानुभूती संपते. उलट एकच वेळ दिली तर तो हुकूम वाटतो. दोन किंवा तीन द्या, त्यातली एक तरी त्याच आठवड्यातली असू द्या, आणि देण्याआधी वेळापत्रक समोर ठेवून प्रत्येक तारीख तपासा. मंगळवारची ऑनलाइन वेळ आपण का घातली? कधी कधी पद लवकर भरायचं असतं आणि शुक्रवारपर्यंत थांबायला कंपनी तयार नसते. मात्र दुसऱ्या दिवशी परीक्षा असताना मंगळवारी संध्याकाळी मुलाखत देणं तुम्हाला झेपणार नसेल, तर ती ओळ काढा. जे देऊ शकत नाही ते लिहू नका.

छोट्या कंपन्यांत बोलावणं बऱ्याचदा व्हॉट्सअॅपवर येतं. तर उत्तरही तिथेच द्या, हाच मजकूर थोडा छोटा करून, एकाच मेसेजमध्ये. 'हाय मॅडम', मग दहा मिनिटांनी 'एक विचारायचं होतं', मग अर्ध्या तासाने खरा प्रश्न, असं तुकड्यातुकड्यांनी नको. व्हॉइस मेसेजही नको. ऑफिसात बसून तो ऐकणं त्यांना अवघड जातं आणि पुढे मॅनेजरना पाठवताही येत नाही.

उत्तर आलं नाही तर

इथे सर्वात जास्त मुलं घसरतात. मेल केला म्हणजे तारीख बदलली असं धरून चालतात. तसं नसतं बरं का. समोरून 'ठीक आहे, या वेळी या' असं येईपर्यंत बुधवार साडेदहा हीच तुमची वेळ आहे.

शनिवारी एच.आर.ला सुट्टी असू शकते, म्हणून सोमवारी सकाळी साडेअकरापर्यंत थांबा. सकाळी नऊला फोन करू नका, तेव्हा त्या हजेरी आणि गेटपासच्या गडबडीत असतात. मग फोन करा आणि थोडक्यात बोला:

'नमस्कार मॅडम, मी (नाव) बोलतेय, बारामतीहून. क्यू.सी. ट्रेनीसाठी बुधवारी साडेदहाला माझी मुलाखत आहे. त्या दिवशी माझी विद्यापीठाची प्रॅक्टिकल आहे, म्हणून शनिवारी मेल केला होता. आपण बघितलाय का? शुक्रवारी किंवा पुढच्या सोमवारी जमू शकेल का?'

एवढं बोलून थांबा. त्या बहुतेक 'बघून सांगते' म्हणतील. तेव्हा विचारा, 'उद्या दुपारी पुन्हा फोन केला तर चालेल का मॅडम?' म्हणजे पुढचा फोन त्यांच्या परवानगीने होतो आणि तुम्ही मागे लागलात असं वाटत नाही. वडिलांना किंवा दादाला फोन करायला लावू नका. घरच्यांना काळजी वाटते हे समजतं, पण नोकरी करायला निघालेल्या मुलीसाठी घरचे बोलतायत हे ऐकून समोरच्याच्या मनात वेगळीच शंका येते.

समजा मंगळवारी उत्तर येतं: शुक्रवार, दुपारी दोन. लगेच, त्याच तासात, एका ओळीचं उत्तर द्या: 'धन्यवाद मॅडम, शुक्रवार ७ मार्च रोजी दुपारी २ वाजता मी कंपनीच्या ऑफिसात उपस्थित राहीन.' वार, तारीख, वेळ, ठिकाण चारही पुन्हा लिहायचे. त्यात काही चूक असेल तर त्यांच्या लगेच लक्षात येते. जुनं कॅलेंडर निमंत्रण अजून तसंच असेल तर आता त्यावर `No` दाबायला हरकत नाही.

आणि मंगळवार संध्याकाळपर्यंत कुणीच उत्तर दिलं नाही तर? शेवटचा एक मेल करा, त्याच मेलखाली: उद्या परीक्षेमुळे येऊ शकत नाही, दिलेल्या वेळांना उपलब्ध आहे, कृपया विचार व्हावा. मग शांतपणे परीक्षेला जा. तुमच्या बाजूने नोंद राहिली. न कळवता गैरहजर राहिलेल्या उमेदवाराचं नाव पुढच्या भरतीतही लक्षात ठेवलं जाऊ शकतं. कळवून न आलेल्याची गोष्ट वेगळी असते.

जिथे हे चालत नाही

सगळीकडे ही रीत लागू पडत नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूला कंपनीचे लोक एका दिवसासाठी कॉलेजात येतात, तिथे तारीख हलत नाही. फार तर त्याच दिवसातली तुमची वेळ मागेपुढे होते, आणि तेही कंपनीशी थेट न बोलता प्लेसमेंट अधिकाऱ्यांमार्फत विचारायचं. वॉक-इन मुलाखतीत तर ठरलेला दिवस गेला की संपलं. युपीएससीसारख्या आयोगाच्या किंवा बँकांच्या सामाईक भरतीच्या मुलाखतीत तारीख बदलण्याची विनंती सहसा मान्य होत नाही, तेव्हा कॉल लेटरमधल्या सूचना पूर्ण वाचा आणि त्यात जे लिहिलंय तेवढंच धरून चाला.

दुसऱ्या कंपनीची मुलाखत आड येत असेल तर? खोटं बोलायची गरज नाही, पण त्या कंपनीचं नावही सांगायची गरज नाही. 'त्या वेळी माझी आधीच ठरलेली बांधिलकी आहे' एवढं पुरेसं आहे. जिला आधी होकार दिला तिची वेळ पाळायची. नंतरची जास्त आवडीची असली तरी पहिलीला ढकलायची नाही. एकाच औद्योगिक वसाहतीतले एच.आर.वाले एकमेकांना ओळखतात, हे तर लक्षात असू द्याच.

खोट्या कारणाबद्दलही एक सांगतो. विद्यापीठाचं वेळापत्रक वेबसाइटवर असतं. तुमच्याच वर्गातला दुसरा कुणी त्याच कंपनीत मुलाखतीला गेलेला असतो. आणि आजारपणाचं खोटं सांगितलं तर मुलाखतीत 'आता तब्येत कशी आहे?' असं कुणीतरी सहज विचारतंच, मग एका थापेसाठी दुसरी थाप सुरू होते. घरगुती खरं कारण असेल आणि सांगायचं नसेल तर 'तातडीची कौटुंबिक अडचण' एवढंच लिहा. पुढचं कुणी खोदून विचारत नाही.

शुक्रवारी मुलाखतीच्या खोलीत गेल्यावर या विषयाला तुम्ही स्वतःहून हात लावू नका. मॅनेजर विचारतील, 'काय, पेपर कसा गेला?' तेव्हा दोन वाक्यांत सांगा: 'चांगला गेला सर, मिश्रणातले घटक ओळखायचे होते. वेळ बदलून दिलीत त्याबद्दल आभार.' बहुतेक वेळा पुढचा प्रश्न त्या प्रॅक्टिकलवरच येतो, कोणती टेस्ट केली, इंडिकेटर कोणता वापरला. दोनच दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने केलेलं काम असतं, त्यामुळे उत्तर द्यायला जड जात नाही. हॉल तिकिटाची एक प्रत मात्र फाइलमध्ये असू द्या. कुणी मागितली तर काढून दाखवायची, नाही मागितली तर तशीच घरी आणायची.